एका वर्षातले दोन मडावी

अहेरीच्या कॉलेजात ग्रंथपाल असलेल्या बुधरी मडावी यांच्यासमोर संदर्भसूची ठेवायला पोरं घाबरतात. स्वल्पविराम चुकला तरी बाई तडकतात. त्या दिवशी रीना मोहफुलांच्या हक्कावरचा प्रबंध घेऊन आली. आधी तिनं सगळे संदर्भ तळटिपांत दिले होते: लेखकाचं पूर्ण नाव, पुस्तक, प्रकाशक, वर्ष, पान. मग विद्यापीठानं लेखक-वर्ष पद्धत मागितली, म्हणून तिनं तळटिपा काढून मजकुरातच कंसात आडनाव आणि वर्ष टाकलं.

बाई एका ओळीवर थांबल्या. मोहाच्या झाडावर हक्क घरातल्या पुरुषाचा (मडावी, २०११अ). नव्हे, फुलं वेचणाऱ्या बाईचा (मडावी, २०११आ).

"हे अ-आ काऊन लावलं?"

"एकाच वर्षाची दोन पुस्तकं हायेत न, बाई. नियमच हाय तसा."

"एकाच लेखकाची असली तर! पयलं पत्रू मडावीचं हाय, माह्या बापाचं. दुसरं माहं. तळटिपेत पूर्ण नाव होतं, तवा घोळ नाई झाला. आता आडनाव सारखं, तर कंसात आद्याक्षर लाव. प. मडावी, बु. मडावी. अन् सूचीत दोघांच्या नोंदी वेगळ्या कर."

रीनानं पेन काढलं. बाईंचा आवाज उतरला.

"बापाशी भांडून लिहिलं होतं मी ते पुस्तक, पोरी. तू मले परत त्याच्याच घरी नेऊन बसवलं."