धनसुखभाईंची काडी

अंकलेश्वरचे पत्रेवाले धनसुखभाई गिऱ्हाईकापुढे छपरासाठीच्या यूपीव्हीसी या कडक प्लास्टिकच्या पत्र्याच्या तुकड्याला काडी लावून दाखवत. काडी हटली की ज्योत आपोआप विझे. "ॲसिडच्या वाफेत लोखंडी पत्र्याची चाळण होते, याला काही होत नाही," ही वर फोडणी.

कारखानदार मनहरभाई बशीत चहा ओतत म्हणाले, "शेठ, उजेडासाठी माझ्या छपरात फायबरचे पत्रे घातलेत, त्यांनाही लावा की."

धनसुखभाईंनी ऐटीत फायबरच्या तुकड्याला काडी लावली. काडी विझली, तुकडा मात्र काळा धूर ओकत जळतच राहिला.

"लोखंड सडतं, पण पेटत तरी नाही, भाई," मनहरभाई म्हणाले. "खाली माझी माणसं वेल्डिंग करतात."

स्वस्तातला साधा फायबर धनसुखभाईंनीच, कधी न तपासता, घातला होता. त्यांची मान वर होईना.

"वेल्डिंग बंद ठेवा," ते पुटपुटले. "आग न धरणारे फायबरचे पत्रे आणून माझ्या खर्चानं बदलतो."