एकतीस अधिक चार

माझी धाकटी जाऊ राजेश्वरी आमच्या औंधजवळच्या हायस्कुलात शिकवते. दीर फौजेत, त्यामुळे घरातलं तिचं सगळं बोलणं माझ्याशीच. माणूस चोख. भाजी निवडायला बसली तरी निवडलेली जुडी पुन्हा एकदा झटकणार. मी तिला म्हणायची, देवानं तुला डोळे दिलेत का चाळण? अशा बाईच्या हातून हे झालं, म्हणून आज लिहायला बसले आहे.

तिच्या नववीच्या वर्गात अंकिता म्हणून एक मुलगी होती. म्हसवडकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. घरचे वर्षातले कितीतरी महिने कळपामागं फिरतीवर असतात. दहावीला तिला कराडच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली तरच शाळा, नाहीतर कळपामागं, हे ठरलेलं होतं. वसतिगृहाची अट नववीला साठ टक्क्यांची. सहा विषय, सहाशेपैकी तीनशे साठ.

निकालाचा तक्ता शाळेच्या कारकुनाच्या कॉम्प्युटरमध्ये आणि कारकून रजेवर. मुख्याध्यापकांच्या मोबाईलवर तो तक्ता होता, त्याचा त्यांनी स्क्रीनशॉट काढून राजेश्वरीला धाडला आणि वसतिगृहासाठी एक्सेलमध्ये यादी करून मागितली. चित्रात उजवी कड कापली गेलेली. शेवटच्या विषयापर्यंत दिसत होतं, पुढचा बेरजेचा रकाना नव्हताच. तिनं पूर्ण तक्ता मागितला तर सरांचं उत्तर आलं, बेरीज कॉम्प्युटर करतो, तुम्ही नुसते गुण भरा.

चित्रातले आकडे उचलणारं ॲप तिच्या मोबाईलवर आहे. त्यानं ओळी काढून दिल्या, पण एक मुलगा हिंदीला गैरहजर होता, तिथली जागा रिकामी. ॲपनं ती गिळली आणि त्याचे पुढचे सगळे गुण एकेक घर डावीकडं सरकले. इंग्रजीचे हिंदीत, गणिताचे इंग्रजीत. शेवटचा रकाना मोकळा राहिला म्हणून तिच्या ध्यानात आलं. एका ठिकाणी सातचा एक झाला होता, तोही सापडला. चित्र आणि ओळी शेजारी ठेवून तिनं प्रत्येक नाव ताडून पाहिलं. मी तिथंच शेंगा फोडत होते.

अंकिताच्या गणिताच्या घरात ‘31+4’ होतं. आमच्या शाळेची रीतच तशी. पासाला पस्तीस लागतात, चार गुण वाढवून दिले तर ते झाकायचे नाहीत, मूळ गुणांपुढं अधिक करून दाखवायचे. चित्रात तसं होतं, ॲपनंही तसंच उचललं. तिनं ताडून पाहिलं, जुळलं, पुढं गेली. मग बेरजेचं सूत्र घातलं. सरांनी सही केली. यादी गेली.

अंकिताचं नाव आलं नाही.

नाथाजी, तिचा बाप, मुलीला घेऊन शाळेत आला. राजेश्वरीनं पायरीवर बसून तिचे गुण कागदावर मांडले. अठ्ठ्याहत्तर, एकाहत्तर, बावन्न, पस्तीस, एकसष्ट, बहात्तर. तीनशे एकोणसत्तर. यादीत तीनशे चौतीस. फरक बरोबर पस्तीसचा. फाईल उघडली तर बाकीचे सगळे आकडे घराच्या उजव्या कडेला आणि ‘31+4’ तेवढं डाव्या कडेला चिकटलेलं. अधिकच्या खुणेमुळं कॉम्प्युटरनं तो आकडा धरलाच नव्हता, अक्षरं धरली होती. आणि अक्षरांची बेरीज तो करत नाही, गुपचूप सोडून देतो.

वाढीव चार सोडून नुसते एकतीस धरले असते तरी पोरगी आत होती.

राजेश्वरी सरांकडं धावली. सरांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला. म्हणाले, “बाई, भरलं तुम्ही, सही माझी. आता दुसरी यादी पाठवली तर पहिली खोटी ठरते. शिवाय जागा भरल्यात.” तिनं स्वतः वसतिगृहात फोन लावला. शाळेचं पत्र आणा, म्हणाले. पत्र सर देईनात.

नाथाजीला तिनं काहीही न लपवता सांगितलं. तो आवाज न चढवता म्हणाला, “आवं बाई, सांजंला एक मेंढरू कमी भरलं तर आमी पुन्यांदा मोजतो. पोरीचं एकदाच मोजलं व्हय?”

अंकिता एवढंच म्हणाली, “गणितात मी पास हाय न्हवं, बाई?”

“आहेस,” राजेश्वरी म्हणाली.

मंगळवारी मी यमाईला निघाले तेव्हा तिला चल म्हटलं. ती म्हणाली, “ताई, काय मागू? जागा तर भरल्या.” मीच एकटीनं देवीची ओटी भरली.

आता ती मूळ गुणांचा एक रकाना आणि वाढीव गुणांचा दुसरा करते. अधिकची खूण कुठंच नाही. सरांनी ही पद्धत तालुक्याच्या बैठकीत शाळेची म्हणून दाखवली, त्यांचं कौतुक झालं. अंकिता कळपामागं गेली, कुठल्या शिवारात आहे ते ठाऊक नाही.

काल सहामाहीचे गुण आले. पुन्हा स्क्रीनशॉट, पुन्हा उजवी कड कापलेली. राजेश्वरीनं लिहिलं, सर, पूर्ण तक्ता पाठवा. उत्तरात तक्ता नाही, सरांनी नुसतं जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.