सातवी पाकळी

आमच्या मालिकेतली नायिका सध्या कितव्या जन्मात आहे, हे दिग्दर्शकाला ठाऊक नसायचं आणि खुद्द नायिकेला तर त्याहून नसायचं. ठाऊक असायचं एका वहीताईंना. पन्नाशी उलटलेली, बोलायला फटकळ बाई. त्यांच्या टेबलावरची जाडजूड वही हरवली असती तर आम्ही सगळे उघडे पडलो असतो.

मी मेकअपवाला. सकाळी पहिल्या जन्मातली राणी, दुपारी तिसऱ्यातली नर्स, संध्याकाळी सातव्यातली वकीलबाई, असं एकाच नटीला एका दिवसात रंगवायचं. म्हणून प्रत्येक सीनआधी मी ताईंपुढे उभा.

"सीन चौदा, ताई?"

"तिसरा जन्म. डावा खांदा, तीन पाकळ्या. आणि मानेवरचा व्रण पुसा आधी. तो दुसऱ्या जन्मातला आहे. जखमा पुढच्या जन्मात येत नाहीत, शापाची खूण तेवढी येते. किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

वहीत प्रत्येक जन्माला वेगळी शाई होती. मरण कशाने आलं, मागच्या जन्मातलं काय आठवतं, ते कशामुळे आठवलं, खलनायिकेने तिला कधी ओळखलं, सगळं भागाच्या आकड्यासकट. शापही मुळात ताईंच्याच डोक्यातला. लेखकसाहेब अडले होते तेव्हा चहा पिता पिता त्या म्हणाल्या होत्या, "सात जन्म प्रेमाच्या माणसाच्या हातून मरण. दर जन्मी खांद्यावर एक पाकळी वाढेल. सातवी आली की शेवटची संधी." साहेबांनी कप खाली ठेवला आणि लिहायला घेतलं.

मालिका डोक्यावर घेतली लोकांनी. पडद्यावर कथा म्हणून नाव साहेबांचं. ताईंना शब्द दिला होता, "शाप सुटेल त्या भागात 'कथाकल्पना' म्हणून तुमचं नाव." ताईंच्या म्हाताऱ्या आईला हे कळल्यापासून ती रोज संध्याकाळी सातला टीव्हीपुढे बसायची आणि शेवटची नावं सरेपर्यंत हलायची नाही. तिला धड दिसायचं नाही, मोठी अक्षरं तेवढी वाचता यायची. "आईच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं हो," ताई मला म्हणायच्या. बाकी त्यांनी कुणाकडे कधी काही मागितलं नाही.

सातवा जन्म संपत आला, तेव्हा वाहिनीकडून निरोप आला: अजून दोनशे भाग हवेत. साहेबांनी ताईंना बोलावलं. मी तिथेच नटीचा खांदा रंगवत होतो.

"चौथा जन्म रद्द करू," साहेब म्हणाले. "तेव्हा ती जन्मताच मेली होती ना? मग तो जन्म धरायचाच नाही. म्हणजे आत्ता सहावा चालू."

"नाही चालणार. भाग दोनशे बारा. बाळ एकदा रडलं, दुपटं सरकलं आणि खांद्यावर चार पाकळ्या दिसल्या. आणि सात पाकळ्या तर आठ महिने रोज दाखवतोय आपण. एक कुठे गेली म्हणून सांगणार?"

"पाकळ्या कोण मोजत बसतंय, ताई?"

"मी मोजते. बघणारेही मोजतात."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "एक पुस रे." मी ताईंकडे न बघता ओला कापूस उचलला आणि सातवी पाकळी पुसली. माझ्या पोटाचा प्रश्न होता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आज सांगतो, तो भित्रेपणा होता.

भाग दाखवला गेला आणि दुसऱ्याच दिवशी वाहिनीकडे नुसता भडिमार. लोकांनी दोनशे बाराव्या भागातल्या बाळाचा फोटो काढून पाठवला, चार पाकळ्यांभोवती लाल गोल करून. वाहिनी खवळली. कुणाचा तरी बळी द्यायला हवा होता, आणि वही कुणाकडे असते हे सगळ्यांना माहीत होतं. भाग दाखवण्याच्या चार दिवस आधी ताईंनी लिहून दिलेली हरकत साहेबांच्या टेबलावरून नाहीशी झाली. वाहिनीवाल्यांनी मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मला जेवढ्या सांगतात तेवढ्या पाकळ्या मी काढतो." खोटं नव्हतं ते. म्हणूनच तर त्याची लाज वाटते.

त्याच आठवड्यात भागाच्या शेवटी काळ्या पडद्यावर पाटी आली. वर बारीक अक्षरांत, 'जन्मांच्या नोंदीत झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहोत. जबाबदार कर्मचाऱ्यास कामावरून कमी केले आहे.' खाली ताईंचं नाव, वडिलांच्या नावासकट, ठळक. इतकी वर्षं काम केलं, पण पडद्यावर त्या तेवढ्याच एकदा आल्या.

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. माफी मागायला गेलो होतो, पण ती तोंडातच राहिली. आईने दारातच माझा हात धरला, दुसऱ्या हाताने खोलीत बसलेल्या ताईंकडे बोट दाखवलं.

"पाहिलंत का? आलं हिचं नाव! हिच्या बाबांचंही आलं. केवढं मोठं लिहिलं होतं! वरचं बारीक काय होतं हो? हिला विचारलं तर सांगत नाही."

ताई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "कथाकल्पना, आजी."