खांद्यावरची चार बोटं

सांगलीत मार्केट यार्डाजवळ एका हळदीच्या अडत दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझं वधू-वर सूचक केंद्र आहे. खाली हळदीची पोती आणि वर हळदीला उभी राहणारी माणसं, अशी आमच्या ह्यांची एक जुनी चेष्टा. वीसेक वर्षं झाली मला या धंद्यात. पूर्वी मुलाची चौकशी करायची तर त्याच्या गावात जाऊन किराणा दुकानदाराला विचारायचं. आता लोक घरबसल्या फोटो गुगलवर टाकतात, तोच फोटो आणखी कुठं कुठं आहे ते बघतात, आणि पाच मिनिटांत त्या माणसाची कुंडली मांडून मोकळे होतात.

दोन वर्षांपूर्वी मी एक स्थळ जुळवलं होतं. मुलगा म्हसवडकडचा, फौजेत. मुलगी कवठे महांकाळची, एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासणारी. पत्रिका जुळल्या, माणसं जुळली, पोरं फोनवर बोलायला लागली. सुपारी फोडायला चार दिवस राहिले होते आणि मुलीचे मामा धापा टाकत माझा जिना चढून आले.

"ताई, ह्यो बघा तुमचा फौजी."

त्यांनी मोबाइल माझ्या टेबलावर आपटलाच. मामांच्या मुलानं फौजीचा फोटो गुगलवर शोधला होता आणि जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीच्या एका पानावरची पोस्ट सापडली होती. वर आमच्या फौजीचा वर्दीतला फोटो. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं: या फसव्या फौजीपासून सावध राहा. बदली झाली म्हणून स्कूटी स्वस्तात देतो म्हणाला, आगाऊ पैसे घेतले, आता फोन बंद. लिहिणारा दुसऱ्या जिल्ह्यातला कुणी दुकानदार होता.

माझं डोकं सणकलं. मी आधीच तापट, त्यात माझ्या केंद्राचं नाव. अगं बाई, एवढा गोड बोलणारा पोरगा आणि हे धंदे! मामा म्हणाले, "आवं, चोराच्या घरात पोरगी द्यायची व्हती व्हय आमी? तुमच्या ग्रुपवर टाका आत्ताच्या आत्ता. दुसऱ्याची पोर तरी वाचंल."

आम्हा केंद्रवाल्यांचा एक ग्रुप आहे. सांगली, मिरज, सातारा, कोल्हापूर, सगळे त्यात. तिथं एखाद्याचं नाव एकदा खराब झालं की त्याला या तीन जिल्ह्यांत मुलगी मिळणं अवघड. ते मला चांगलं माहीत होतं आणि माहीत असूनही मी टाइप करायला घेतलं. "हे स्थळ कोणीही घेऊ नये." पुढं तीन उद्गारचिन्हं. मामांकडून ती पोस्ट मागवली, फोटो नीट दिसतोय ना म्हणून मोठा केला, आणि माझा अंगठा तिथंच थांबला.

फौजीच्या डाव्या खांद्यावर चार बोटं होती. हिरव्या बांगड्यांच्या हाताची, मनगटापाशी कापलेली.

ती मीच कापली होती.

सांगते. हा मुलगा सुट्टीवर आला तेव्हा आईला आणि बहिणीला घेऊन माझ्याकडं आला होता. बायोडेट्यासाठी त्यानं चौकड्याच्या शर्टातला फोटो दिला. मी म्हटलं, वर्दीतला नाही का? त्यानं दाखवला, बहिणीबरोबरचा, घराच्या ओट्यावर उभं राहून काढलेला. मी मागितला म्हणून पाठवलाही, पण स्पष्ट सांगून. "मॅडम, हा फक्त मुलीकडच्यांना दाखवा. ग्रुपवर नको. आम्हाला वर्दीतले फोटो असे फिरवायची परवानगी नसते." मी म्हटलं, हो हो, काळजीच करू नका. तो जिना उतरला असेल नसेल, मी बहिणीला कापून टाकलं आणि एकट्याचा फोटो बायोडेट्याला जोडून स्थळांच्या सगळ्या ग्रुपवर सोडला. चौकड्याचा शर्ट बघून कोण फोन करतंय? वर्दी बघून करतात. बोटं तेवढी कापता आली नाहीत. म्हटलं राहू देत, कोण बघतंय.

आता मामा समोर बसून चहा फुंकत होते आणि मी ती बोटं बघत होते. त्या कापलेल्या फोटोची प्रत मी फौजीला कधी पाठवलीच नव्हती. त्याच्याकडं अख्खा फोटो होता, बहिणीसकट. म्हणजे पोस्टमधला फोटो माझ्या बायोडेट्यातूनच कुणीतरी उचलला होता, आणि त्या ग्रुपांत कोण कोण आहे हे देवालाच ठाऊक.

खरं सांगू? पहिल्यांदा मनात आलं ते चांगलं नव्हतं. गप्प बसावं. स्थळ मोडेल, मामा जातील, मला कुणी काही म्हणणार नाही. लाज वाटते लिहायला, पण चांगली दोन मिनिटं मी तोच विचार करत होते. मग लिहिलेला मेसेज पुसला आणि मामांना म्हटलं, "मामा, मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या. आणि तुम्ही हे अजून कुणाला पाठवलंय?"

"आमच्या भावकीत तिघांना धाडलंय की."

"त्यांना सांगा, पुढं पाठवू नका. आत्ता, माझ्यासमोर सांगा." मामांनी तोंड वाकडं केलं, पण केले फोन.

ते गेल्यावर मी पोस्ट लिहिणाऱ्या दुकानदाराला फोन लावला. त्यानं खाली स्वतःचा नंबर दिलाच होता. बिचारा खरंच फसला होता, आवाजावरूनच कळत होतं. मी विचारलं, तुम्ही त्या माणसाला समोर पाहिलंत का? नाही म्हणाला, सगळं फोनवर. बोलला कसा? हिंदीत. मराठीचा एक शब्द नाही. मग तो हाच कशावरून? "ओळखपत्र पाठवलं होतं की मॅडम, मिलिटरीचं. त्यावर हाच फोटो." ज्या नंबरवरून बोलणं झालं तो त्यानं वाचून दाखवला. तो आमच्या फौजीचा नव्हता. पण नंबराचं काय घेऊन बसलात, माणूस दुसरं सिमकार्ड घेऊ शकतो. म्हणून मी छातीठोकपणे काही म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, "दादा, फोटो त्याचा आहे, पण फसवणारा तोच आहे हे कुठं ठरलं? हा फोटो माझ्याकडून बाहेर गेलाय. तुम्ही पोलिसांत तो नंबर द्या, ओळखपत्र द्या, मी लागेल ते लिहून देते. पण एका माणसाचं तोंड असं चव्हाट्यावर नका टांगू."

त्यानं माझं नाव आणि केंद्राचा पत्ता लिहून घेतला. मग म्हणाला, "तुमचा मुलगा आहे का तो?"

"नाही हो. पण कुणाचा तरी आहेच की."

तासाभरानं त्यानं पोस्टमधला फोटो काढून टाकला. फसवणुकीचा मजकूर ठेवला, तो त्याचा हक्कच होता.

फौजीला फोन करणं सगळ्यात अवघड गेलं. तो रजा घेऊन सुपारीसाठी गाडीत बसायच्या तयारीत होता. मी पोस्टपासून बोटांपर्यंत सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मॅडम, मी नको म्हटलं होतं," एवढंच तो म्हणाला.

मग त्यानं शांतपणे सांगितलं की साहेबांच्या कानावर तो आधी स्वतःच घालणार, बाहेरून कळायच्या आत, आणि सायबर पोलिसांत तक्रारही देणार. माझ्याकडून त्याला लेखी हवं होतं: फोटो कधी दिला, काय सांगून दिला, मी तो कापून कुठं कुठं टाकला. मी ते स्वतःच्या हातानं लिहिलं आणि खाली सही केली. आयुष्यात इतकं सरळ मी कधी लिहिलं नव्हतं.

सुपारी लांबली. आठ दिवसांनी कवठे महांकाळला मुलीच्या घरी दोन्हीकडची माणसं बसली आणि मी कागदावर लिहिलेलं सगळ्यांपुढं बोलले. माझ्या मोबाइलवर अख्खा फोटो आणि कापलेला फोटो शेजारी शेजारी लावून दाखवला. फौजीच्या बहिणीनं वाकून बघितलं.

"आवं मॅडम, मला कापलं ते कापलं, बोटं तेवढी कशाला ठिवली?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

मामा उठले, फौजीसमोर गेले. "पावनं, माझ्याच्यानं चुकलं. लय घाई केली. ज्या तिघांस्नी धाडलं व्हतं त्येंच्या घरी जाऊन सांगून आलोय." फौजीनं त्यांना हात धरून बसवलं. तो म्हणाला, "मामा, भाचीसाठी चौकशी केली ते बरोबरच केलंत. फक्त आधी मला विचारायचं होतं." मामा उगाच चहाची कपबशी उचलून आत ठेवून आले.

मग मुलीच्या वडिलांनी मुलीला विचारलं, बाळा, तुझं काय? ती कोपऱ्यात आईजवळ बसली होती. ती म्हणाली, "मी रोज लोकांचं रक्त तपासते. एकाची बाटली दुसऱ्याच्या नावावर गेली तर काय होतं ते मला ठाऊक आहे. मला हे पसंत होते, अजूनही पसंत आहेत." फौजीनं मान खाली घातली. त्याच्या आईनं डोळ्याला पदर लावला. मला तर इतका आनंद झाला की मी उठून साखर वाटायला निघाले.

तेवढ्यात मुलगीच मला म्हणाली, "काकू, एक विचारू?"

"विचार की गं."

"माझा साडीतला फोटो तुम्हाला आईनं दिला होता. मला कुणी विचारलं नव्हतं. तो किती ग्रुपवर आहे?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच आकडा हवा होता. मी साखरेची वाटी खाली ठेवली, चष्मा लावला आणि मोबाइल उघडला. सांगलीचे सहा, मिरजेचे दोन, साताऱ्याचे किती ते आठवेना. त्यातून पुढं कुणी कुणाला पाठवला, ते तर मला कधीच कळणार नव्हतं. जुने मेसेज आता सगळ्यांसाठी पुसताही येत नव्हते. सगळे माझ्याकडं बघत होते, ती पण बघत होती, आणि मी बोटावर मोजत बसले होते.

"माहीत नाही गं," मी शेवटी म्हटलं.