डीप फ्रीझरचं झाकण

पाळी नावाच्या गावात खाणीतल्या खनिजाच्या ट्रकवाल्यांसाठी एक खाणावळ होती, तिथे मी कामाला होते. माझं गाव दूर कोल्हापूरकडे, शाळा सातवीत सुटलेली. तरी मालकीणवहिनींनी अख्खं स्वयंपाकघर माझ्या हाती दिलं, हे उपकार मी विसरले नाही. एकदा त्या माहेरी कोरगावला गेल्या आणि त्याच सकाळी वाऱ्याने विजेच्या तारा तुटल्या. वीज दुसऱ्या दिवशी दुपारी आली.

डीप फ्रीझर चिकन-मटणाने गच्च भरलेला होता. वहिनींच्या सासूबाई सारख्या झाकणापाशी यायच्या.

"गो, उघडून बघ तरी!"

"आई, उघडलं की गारवा जातो. भरलेला आहे, बंद राहिला तर टिकेल."

"मोठी शहाणी!"

मी झाकणावर गोधडी टाकली आणि तिथेच कांदे चिरत बसले.

वीज आल्यावर उघडलं. मांस दगडासारखं होतं; कडेच्या पिशव्या थोड्या मऊ, पण त्यांतही बर्फाचे कण होते. ते सगळं ठेवलं. साध्या फ्रिजमधले बांगडे आणि दूध मात्र पहाटेपासून कोमट.

"बांगड्यांना मीठ लाव, दूध उकळ," सासूबाई म्हणाल्या.

मी दोन्ही टाकून दिलं. आता नोकरी राहते की जाते?

संध्याकाळी वहिनी आल्या. सासूबाईंनी आधी गाऱ्हाणं घातलं.

"दूध नासलेलं?" वहिनींनी मला विचारलं.

"नाही वहिनी. वासही बरा होता."

"नुसत्या वासावर मी कुणाला वाढत नाही. बरं केलंस. मटण काढ, ट्रकवाले येतील."

मी वाटण वाटायला घेतलं.