मंदाच्या नऊ चित्रांची चिठ्ठी

इंदुमती किरकिरे बाई कुणाला घाबरायच्या नाहीत, हेडमास्तरांना तर मुळीच नाही. माहेर इंदूरचं, जीभ तिखट. भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमधल्या प्राथमिक शाळेत त्यांनी सव्वीस वर्षं दुसरीचा वर्ग हाकला. अशा बाईंना एक चिठ्ठी लिहायला दोन दिवस लागले, म्हणजे बघा.

वर्गात मंदाकिनी साठे नावाची सात वर्षांची मुलगी होती. बाप नीळकंठ कारखान्यात फिटर, नाशिककडून नोकरीसाठी आलेला. आई निर्मला घरीच. मंदा तोंडातून चकार शब्द काढायची नाही. प्रगतिपुस्तकात बाईंनी दोनदा लिहिलं होतं, 'अतिशय शांत मुलगी. शाबास.' पन्नास पोरांच्या वर्गात असं एखादं मूल मिळालं तर देवच पावला म्हणायचा!

बुधवारी शेवटचा तास चित्रकलेचा. बाकीची पोरं डोंगर, घर, सूर्य काढत. मंदा नुसत्या रेघा ओढायची. त्या बुधवारी तिने काळा खडू इतका दाबला की कागद फाटला. बाई रागवायलाच गेल्या होत्या, पण जवळ जाऊन पाहतात तो पोर श्वास रोखून बसलेली.

घंटा झाल्यावर बाईंनी कपाटातली तिची जुनी चित्रं काढली आणि टेबलावर तारखेप्रमाणे मांडली. आजचं फाटलेलं धरून नऊ होती. सहा चित्रांत रेघा कागदभर हुंदडत होत्या. पण दर तिसऱ्या आठवड्याला खालच्या कोपऱ्यात एक घट्ट गिचमीड, आणि बाकी सगळा कागद कोरा. काळा रंग म्हणजे भीती, भीती म्हणजे मार, असं बाईंनी झटक्यात ठरवून टाकलं. चिठ्ठीही लिहिली.

मग त्यांना शशिकला आठवली आणि हात थबकला. दोन वर्षांपूर्वी त्या मुलीच्या चित्रावरून बाईंनी असंच ठामपणे लिहून पाठवलं होतं, 'मुलगी घरात घाबरते.' टाउनशिपमध्ये शाळेची चिठ्ठी म्हणजे तक्रारच, दुसरं काही कुणाच्या डोक्यात येत नाही. पोरीने घरच्या चुगल्या केल्या असं समजून बापाने तिला बडवलं. ते वळ बाई विसरल्या नव्हत्या. मंदाच्या बाबतीत तसं होऊन चालणार नव्हतं. त्यांनी चिठ्ठी फाडली.

दुसऱ्या दिवशी मंदाला जवळ बसवून, हे काय काढलंस असं न विचारता, त्या एवढंच म्हणाल्या, "याबद्दल मला सांगशील?" आणि गप्प राहिल्या. त्यांना ते किती जड गेलं असेल! बऱ्याच वेळाने मंदाने गिचमिडीवर बोट ठेवलं आणि ती कुजबुजली, "ही मी." मग कोऱ्या कागदावरून हात फिरवला. "ही बाबांची झोप."

दर तिसऱ्या आठवड्याला नीळकंठला रातपाळी. क्वार्टर एका खोलीचं, दिवसा तो तिथेच झोपणार. बाईंना स्वतःचाच राग आला. शुक्रवारी संध्याकाळी नवी चिठ्ठी आणि चित्रं घेऊन त्या स्वतः साठ्यांकडे गेल्या आणि दोघांच्या देखत टेबलावर ठेवून आल्या. चिठ्ठी अशी होती:

'ही तक्रार नाही. मंदाला रागावू नये. मला दिसलं ते असं: रातपाळीच्या आठवड्यात तिच्या रेघा कोपऱ्यात गोळा होतात आणि फार दाबून काढलेल्या असतात, एरवी हात मोकळा असतो. काळ्या रंगाचा अर्थ लावू नये, तिच्या पेटीत तोच एक धड खडू उरला आहे. एका चित्रावरून मूल ओळखता येत नाही, म्हणून नऊ पाठवते. कोपऱ्यातली गिचमीड म्हणजे ती स्वतः आणि कोरा कागद म्हणजे बाबांची झोप, हे तिचे शब्द. त्या दिवसांत तिला फार दबून राहावं लागत असेल, हा माझा अंदाज, चुकतही असेल. हे काय, असं विचारू नये. याबद्दल सांग, म्हणावं आणि वाट पाहावी. तिच्या गप्प राहण्याला मी शाबासकी दिली, ते माझं चुकलं.'

शनिवारी सकाळी नीळकंठ पाळी सुटल्यावर थेट वर्गाच्या दारात आला. डोळे तांबडे, अंगावर कारखान्याचेच कपडे. बाईंना शशिकलाचा बाप आठवला. पण तो खालच्या आवाजात बोलू लागला. झोप झाली नाही तर मशीनमध्ये हात जायची भीती, म्हणून निर्मला पोरीला शाळेतून आल्यापासून आपण उठेपर्यंत स्वयंपाकाच्या ओट्याखाली बसवते. मंदा हूं की चूं करत नाही, याचं आपण शेजारीपाजारी कौतुक सांगत आलो, असं म्हणताना त्याची मान खाली गेली.

मग तो मंदाच्या बाकापाशी उकिडवा बसला आणि त्याने फाटलेलं चित्र तिच्यासमोर धरलं.

"मंदा, याबद्दल सांग ना मला."

तो थांबला. घाई केली नाही. मंदा त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली आणि मग अगदी हळू म्हणाली, "बाबा, तुम्ही झोपा ना. मी इथेपण आवाज नाही करत."

नीळकंठने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाईंनी बाकीची पोरं मैदानात सोडली आणि दार ओढून घेतलं.