खालच्या सीलमधला तांदूळ

नव्वदीनंतर आमच्या तंजावुरात दर महिन्याला एखादा नवा ब्रँड उतरायचा. तोपर्यंत काफी म्हणजे गिरणीवर दळून कागदात बांधून आणायची पूड. मग चकचकीत पाकिटं आली, वर सोनेरी अक्षरं आणि आत तीच पूड. किंमत मात्र सोन्याची. राजवाड्याजवळच्या आमच्या गल्लीत वहिनीचं छोटं दुकान होतं. दादा गेल्यावर तिनं एकटीनं उभं केलेलं. गल्लीत तिच्या शब्दाला वजन होतं. तिनं "ही काफी चांगली" म्हटलं की बायका दुसरी बघत नसत.

त्या वर्षी एका बड्या कंपनीनं योजना काढली: चहा-काफीची रिकामी पाकिटं परत आणा आणि स्टीलचा डबा न्या. अट एकच. पाकीट खालून कापायचं, वरचा बॅचचा शिक्का अखंड राहिला पाहिजे. दुकानदारानं पाकिटं गोळा करून एजंटाकडे पाठवायची, एजंटानं ती नष्ट करायची. एजंट म्हणजे या भागाला कंपनीचा माल पुरवणारा, मोठ्या गोदामाचा मालक.

आमच्यात कुणाचंही भांडं रिकामं परत द्यायचं नाही. शेजारणीची वाटी परत जाताना तीत साखर तरी असते, नाहीतर चार तांदूळ. वहिनीला रिकामी पाकिटं पाठवणं जड गेलं. देवापुढच्या अक्षतांमधले चार पिवळे दाणे ती प्रत्येक पाकिटात टाकायची. मी हसलो तर म्हणाली, "रिकामें देऊं नये, भावोजी. घरची लक्ष्मी जाते."

दोन-तीन महिन्यांनी कंपनीचा साहेब मद्रासहून आला. इस्त्रीचा शर्ट, हातात काफीच्या पाकिटांच्या रंगीत फोटोंचा लिफाफा. त्या वेळी मी तिरुचीला अशी पाकिटं छापणाऱ्या कारखान्यात तपासणीला होतो आणि सुट्टीवर घरी आलो होतो, म्हणून हे सगळं माझ्यासमोर घडलं. साहेब दुकानाच्या पायरीवर उभा राहून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तमिळमध्ये बोलला. तुमच्याकडची काफी शिळी निघते, चहात वापरलेली पत्ती सापडते, आणि वर हे पिवळे तांदूळ. त्यानं एक दाणा वहिनीपुढे धरला.

"हा तुमचा का, अम्मा?"

वहिनी काय म्हणाली असेल? खोटं बोलणं तिच्या स्वप्नातही येत नाही. "हो, माझाच की. मीच टाकते."

झालं! साहेबाला कबुलीजबाबच मिळाला. त्यानं पेन उघडलं आणि म्हणाला, हे लिहून द्या, बाकीचं पोलीस बघतील. समोरच्या ओसरीवरच्या बायका आत निघून गेल्या. ज्या बाईच्या सांगण्यावरून या बायकांनी वर्षानुवर्षं काफी बदलली नव्हती, तिच्याकडे त्या वळूनही बघेनात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वहिनीचं नाव गेलं तर दुकान राहून करायचं काय?

मी म्हटलं, "सार, पेन ठेवा. आधी फोटो दाखवा."

त्याला वाटलं असावं, दीर विनवण्या करणार. त्यानं फोटो पुढे केले. मी खिशातलं भिंग काढलं; ते माझ्यापासून सुटत नसे, अजूनही सुटत नाही.

"पाकिटंच नकली आहेत. हे बघा, छपाई सरकलीय," तो एका फोटोवर बोट ठेवून म्हणाला. खरंच, पाकिटावर छापलेल्या पानाच्या लाल रंगाची कड एका बाजूला बाहेर आली होती. पण ती सगळीकडे एकाच बाजूला आणि सारखीच आली होती. नकली छपाईत अक्षरांच्या कडा मुळातच फुगलेल्या आणि पुसट दिसतात. इथं कडा लख्ख होत्या, फक्त एक रंग जागचा हलला होता. रोल फिरताना एक सिलिंडर केसभर सरकला की असं होतं. चांगल्या कारखान्यातही होतं, मी रोज बघायचो. दुसऱ्या फोटोत रंग भलतीकडे सरकला होता, तिसऱ्यात मुळीच नाही. बॅचचे शिक्केही तिन्हींवर वेगळे. म्हणजे पाकिटं कंपनीचीच, वेगवेगळ्या रोलांवरची.

"आता वरचं सील बघा," मी म्हटलं. "आडव्या रेघा, सारख्या अंतरावर. हा मशीनच्या जबड्याचा दाब. आणि खाली?"

खाली रेघा नव्हत्याच. एक सपाट, अरुंद, चकाकती पट्टी होती. हातानं दाबायच्या सीलरची, ज्यात गरम तार असते. पाकिटाचा खालचा छापील काठ गायब, त्यामुळे पाकीट बोटभर आखूड. खालून कापलेलं पाकीट भरून पुन्हा चिकटवलेलं होतं.

"तेच तर म्हणतो मी! या बाईंनी भरलं," साहेब म्हणाला.

"मग हे काय?" प्रत्येक फोटोत त्या सपाट पट्टीत, डाव्या कडेपासून त्याच अंतरावर, एक बारीक खंड होता. सीलरची तार त्या जागी वाकली असली की तिथं चिकटत नाही, आणि ती खूण प्रत्येक पाकिटावर उमटते. सगळी पाकिटं एकाच सीलरखालून गेली होती. मी फोटो उलटे केले. मागे, साहेबाच्याच अक्षरात, पाकीट कुठं विकत घेतलं ते गाव होतं: तंजावूर, तिरुवैयारु, कुंभकोणम. कुंभकोणमच्या फोटोत सील एका जागी फुगलं होतं आणि फुगवट्याखाली पिवळा दाणा अडकलेला स्पष्ट दिसत होता.

"वहिनीनं कुंभकोणमला आजवर एक पाकीटही विकलेलं नाही. तिचे तांदूळ तिथं कसे पोचले? तिन्ही गावांतली, खालून कापलेली, निरनिराळ्या बॅचची पाकिटं एकत्र येतात कुठं, सार? या बाईच्या फळीवर का?"

त्यानं माझ्या हातातला कुंभकोणमचा फोटो घेऊन पाहिला. त्याला कळलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. एजंटाचं गोदाम. तिथं जी कापलेली पाकिटं नष्ट व्हायची होती, ती भरून परत दुकानांत येत होती, वहिनीच्याही. आणि ती खालूनच कापा, शिक्का जपा, हे शिकवलं कुणी? कंपनीनं! चोराला किल्ली द्यायची आणि बोंब पायरीवरच्या बाईच्या नावानं ठोकायची. मी हे तोंडावर बोललो, आणि मोठ्यानं बोललो. पायरीवर चढवलेला आरोप पायरीवरच उतरायला हवा होता. पण साहेबानं फोटो गोळा केले आणि "चौकशी करतो" असं पुटपुटून ऑटोत बसला.

चौकशी झाली ती अशी: योजना गुपचूप बंद झाली. एजंट तोच राहिला, म्हणे त्याचा खप मोठा. माफीचा शब्द नाही, पोलीस नाहीत, गल्लीला खुलासा नाही. वहिनीनं मात्र त्या कंपनीचा माल फळीवरून उतरवला आणि गिर्‍हाइकांना कारण सांगत राहिली. काही बायका परत आल्या. काही आल्या नाहीत.

मग एके सकाळी साहेब पुन्हा आला, या वेळी हळू आवाजात. स्टीलचा झाकणाचा डबा, आत कंपनीची उंची काफी. कंपनीकडून भेट, अम्मा. आणि एक कागद, की आमची काही तक्रार नाही, इथं सही करा.

वहिनीनं कागदाला हात लावला नाही. तिनं डबा घेतला, मागच्या अंगणात नेला आणि सगळी पूड केळीच्या बुंध्याशी ओतली. डबा धुतला. पदरानं आतून कोरडा पुसला. उलटा करून तळाशी दोनदा थापटलं, काही चिकटून राहू नये म्हणून. परत येताना देवापुढचं अक्षतांचं तबक तिच्या हाताशीच होतं; त्यातला एकही दाणा तिनं उचलला नाही.

ती बाहेर आली आणि साहेबाच्या हातात तो डबा ठेवला. रिकामा.

साहेबाला काय कळणार? "थँक्स, अम्मा" म्हणून तो गेला.